ऑनलाइन चेक-इन आणि डिजिटल बोर्डिंग पास

ऑनलाइन चेक-इन (प्रचलित नाव वेब चेक-इन) म्हणजे विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपण प्रवास करणार असल्याची नोंद करणे. ही नोंद होताना प्रवाशाला आसन क्रमांक मिळतो आणि विमानात चढण्याचा परवाना, म्हणजे बोर्डिंग पास, तयार होतो. हा पास कागदावर न छापता मोबाइलच्या पडद्यावर दाखवला जातो, तेव्हा त्याला डिजिटल बोर्डिंग पास म्हणतात. भारतात २५ मे २०२० रोजी टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा संसर्ग टाळण्यासाठी वेब चेक-इन सक्तीचे करण्यात आले. त्यानंतर ही पद्धत सर्वसाधारण प्रवाशांमध्ये रूढ झाली.

या लेखात देशांतर्गत प्रवासातील प्रक्रिया दिली आहे. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर येथून पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडे निघणाऱ्या, प्रथमच विमानाने जाणाऱ्या कुटुंबाचा प्रवास घेतला आहे.

## तिकीट, चेक-इन आणि बोर्डिंग पास

एसटी किंवा रेल्वेच्या प्रवासात आरक्षित तिकीट हाती असले की थेट आसनावर जाऊन बसता येते. विमानप्रवासात तसे होत नाही. विमानाचे तिकीट हा प्रवाशाचा कंपनीशी झालेला करार असतो. त्यात प्रवाशाचे नाव, मार्ग, तारीख आणि भाडे असते, पण आसन क्रमांक असेलच असे नाही. चेक-इन म्हणजे त्या करारानुसार ‘मी येत आहे’ अशी प्रवाशाने दिलेली वर्दी होय. बोर्डिंग पास हा त्या वर्दीनंतर मिळणारा परवाना आहे. सुरक्षा तपासणी आणि विमानाचे प्रवेशद्वार या दोन्ही ठिकाणी तो लागतो.

प्रथमच प्रवास करणाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. तिकिटाची पीडीएफ प्रत हाच बोर्डिंग पास असा समज होतो आणि चेक-इन करायचे राहून जाते. दोहोंतील फरक सहज ओळखता येतो. बोर्डिंग पासवर आसन क्रमांक, चेक-इनचा अनुक्रमांक, प्रवेशद्वार बंद होण्याची वेळ आणि चौकोनी सांकेतिक चित्र असते. तिकिटाच्या प्रतीवर भाड्याचा तपशील आणि कर असतात.

## इतिहास

विमानतळावर न जाता संकेतस्थळावरून चेक-इन करण्याची सोय अमेरिकेतील अलास्का एअरलाइन्सने १९९९ मध्ये सुरू केली. त्या काळी बोर्डिंग पासच्या मागे चुंबकीय पट्टी असे आणि तो विशेष यंत्रावरच छापावा लागे. घरच्या छपाईयंत्रावर किंवा मोबाइलवर पास मिळण्यासाठी ही पट्टी जाणे आवश्यक होते. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांकेतिक चित्राचा एकच नमुना ठरवला आणि २०१० च्या अखेरीस चुंबकीय पट्टीचा वापर संपवला. दरम्यान १ जून २००८ पासून आयाटाच्या सदस्य कंपन्यांनी कागदी तिकिटेही बंद केली होती.

## प्रक्रिया

भारतातील बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी उघडते आणि ६० मिनिटे आधी बंद होते. चेक-इनसाठी दोन गोष्टी लागतात: सहा अक्षरांचा व अंकांचा आरक्षण संकेत, म्हणजे पीएनआर, आणि प्रवाशाचे आडनाव किंवा आरक्षणात नोंदवलेला ईमेल.

तिकीट एजंटाकडून काढले असेल तर येथे पहिली अडचण येऊ शकते. एजंटाच्या पावतीवर त्याच्या प्रणालीचा आरक्षण क्रमांक ठळक अक्षरांत असतो. तो पीएनआर नव्हे, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यास आरक्षण सापडत नसल्याचा संदेश येतो. पावतीवर `PNR` किंवा `Airline PNR` या शब्दांसमोर असलेला सहा चिन्हांचा संकेतच वापरावा लागतो. आरक्षणात एजंटाचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल असल्यास बोर्डिंग पास, तसेच उड्डाणाची वेळ बदलल्याचे संदेशही त्याच्याकडेच जातात. म्हणून तिकीट काढतानाच प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक नोंदवणे उपयुक्त ठरते.

आरक्षण उघडल्यावर प्रवाशांची निवड, आसनाची निवड आणि धोकादायक वस्तूंविषयीचे घोषणापत्र असे टप्पे येतात. घोषणापत्राला न वाचता संमती देण्याकडे कल असतो, परंतु त्यातील मजकूर सामान भरताना उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाही. ती हाताच्या पिशवीतच न्यावी लागते. चाकू, कात्री, विळी यांसारख्या वस्तूंचे उलट आहे. त्या हाताच्या पिशवीत चालत नाहीत.

शेवटच्या टप्प्यावर बोर्डिंग पास पडद्यावर दिसतो आणि ईमेल किंवा संदेशाद्वारेही येतो. एका आरक्षणात अनेक प्रवासी असले तरी प्रत्येकाचा पास स्वतंत्र असतो.

## नावाची जुळणी

बोर्डिंग पासवरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांची तुलना विमानतळाच्या दाराशीच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. मराठी नावांची रचना नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी असते. विमान कंपन्यांच्या अर्जात मात्र बहुधा दोनच रकाने असतात: `First Name` आणि `Last Name`. पहिल्यात स्वतःचे नाव, हवे असल्यास त्यापुढे मधले नाव, आणि दुसऱ्यात आडनाव लिहायचे असते. पासवर त्याचा क्रम उलटतो. आधी आडनाव, मग तिरपी रेघ आणि मग नाव येते. हा दोष नसून आंतरराष्ट्रीय नमुना आहे. सांकेतिक चित्रात नावासाठी २० चिन्हांचीच जागा असल्याने लांब नावाचा शेवट कापला जातो, तोही दोष मानला जात नाही.

खरी अडचण येते ती वेगळे नाव लागल्यास. विवाहानंतर घरात आणि व्यवहारात सासरचे आडनाव, पण आधार कार्डावर माहेरचे, अशी स्थिती पुष्कळदा असते. तिकीट नेहमी प्रवासात दाखवायच्या ओळखपत्राप्रमाणेच काढावे लागते. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावरील नावाची किरकोळ चूक २४ तासांच्या आत कळवल्यास ती विनाशुल्क दुरुस्त करून मिळते. चेक-इन झाल्यावर अशी दुरुस्ती अवघड होते. त्यामुळे नाव तपासण्याची योग्य वेळ तिकीट काढल्याचा दिवस ही होय.

आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड आणि पारपत्र ही ओळखपत्रे देशांतर्गत प्रवासास चालतात. मूळ प्रत किंवा अधिकृत एम-आधार ॲपमधील आधार ग्राह्य धरले जाते. छायाप्रत किंवा मोबाइलमध्ये काढून ठेवलेले कार्डाचे छायाचित्र पुरेसे नसते.

## आसनाची निवड

देशांतर्गत मार्गांवरील बहुसंख्य विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात. त्यांना डावीकडून `A` ते `F` अशी अक्षरे असतात. `A` आणि `F` खिडकीशी, `C` आणि `D` वाटेशी, तर `B` आणि `E` मधोमध येतात. त्यामुळे `14A` म्हणजे चौदाव्या रांगेतील डावीकडची खिडकी.

वेब चेक-इनच्या पडद्यावर आसनांचा नकाशा येतो आणि त्यातील अनेक आसनांवर किंमत लिहिलेली असते. खिडकीचे, वाटेकडचे, पुढच्या रांगांतील आणि पाय पसरायला अधिक जागा असलेले आसन बहुधा सशुल्क असते. नकाशा पाहून आसन विकत घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे वाटते, पण तसे नसते. पैसे न भरता पुढे जाण्याचा पर्याय पडद्यावर असतो, मात्र तो सहसा लहान अक्षरांत, `Skip` किंवा तत्सम शब्दात दिलेला असतो. तो निवडल्यास प्रणाली उरलेल्यांपैकी एखादे आसन आपोआप देते. ते बहुधा मधले किंवा मागच्या रांगेतील असते. आसन निवडण्याचे शुल्क ही पसंतीची किंमत आहे. तिकिटाच्या भाड्यात विमानातील एक आसन समाविष्टच असते.

आपोआप मिळालेल्या आसनांमुळे एकत्र प्रवास करणाऱ्यांची ताटातूट होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना निर्देश दिले. त्यानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणातील आई, वडील किंवा पालक यांपैकी किमान एकाजवळ आसन द्यावे लागते. ‘त्याच आरक्षणातील’ ही अट महत्त्वाची आहे. मुलाचे तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढले तर तो कोणाबरोबर आहे हे प्रणालीला कळत नाही.

आपत्कालीन दारांजवळच्या रांगांत पायांना ऐसपैस जागा असते, पण तेथील प्रवाशाला प्रसंगी दार उघडावे लागते. म्हणून मुले, गर्भवती स्त्रिया आणि हालचालींत अडचण असलेले प्रवासी यांना ती आसने दिली जात नाहीत. या अटी न वाचता असे आसन घेतल्यास विमानात कर्मचारी जागा बदलायला लावतात.

खिडकीशी बसलेल्या प्रवाशासाठी पुण्यातील एक बाब वेगळी आहे. लोहगाव हा भारतीय वायुदलाचा तळ असून नागरी विमाने त्याच्याच धावपट्टीचा वापर करतात. त्यामुळे तेथे विमानातून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

## सांकेतिक चित्रात काय असते

मोबाइलवरील पासवर दिसणारे चौकोनी चित्र म्हणजे किमान ६० चिन्हांची एक ओळ होय. ती जगभर एकाच क्रमाने लिहिली जाते. कागदी पासवर तीच ओळ आडव्या पट्ट्यासारख्या चित्रात असते. पुणे ते दिल्ली प्रवासाची नमुन्यादाखल ओळ अशी दिसेल:

```
M1ADNAV/NAVMRS        EABC123 PNQDELXX 0123 349Y014A0025 100
```

सुरुवातीचे `M1` म्हणजे एका टप्प्याचा प्रवास. त्यानंतर नावाच्या २० जागा येतात आणि रिकाम्या जागाही त्यात मोजल्या जातात. `E` म्हणजे ई-तिकीट. `ABC123` हा पीएनआर, `PNQ` पुणे, `DEL` दिल्ली, `XX` ही कंपनीची खूण आणि `0123` हा उड्डाण क्रमांक. तारीख नेहमीसारखी लिहिलेली नसते. `349` म्हणजे वर्षातील ३४९ वा दिवस, अर्थात लीप वर्ष नसताना १५ डिसेंबर. `Y` हा साधा वर्ग, `014A` हे आसन, आणि `0025` म्हणजे चेक-इन करणाऱ्यांमध्ये प्रवाशाचा अनुक्रम पंचविसावा. त्यानंतरचा `1` चेक-इन झाल्याचे सांगतो. अखेरचे `00` म्हणजे पुढे आणखी माहिती जोडलेली नाही.

या ओळीत साल नसते आणि भाडेही नसते. पीएनआर आणि आडनाव मात्र असते, आणि अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडायला तेवढेच पुरते. पहिल्या विमानप्रवासाच्या आनंदात बोर्डिंग पासचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले, तर साध्या मोबाइल ॲपने ते चित्र वाचून कोणीही तो संकेत मिळवू शकतो. मग परतीचे तिकीट बदलणे, ते रद्द करणे किंवा संपर्क क्रमांक पाहणे त्याला शक्य होते. नाव झाकून चित्र उघडे ठेवल्याने काहीच साधत नाही, कारण नाव चित्रातही असते.

## उदाहरण: निरगुडसर ते लोहगाव

पती, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे निरगुडसरहून निघणार आहेत. पुण्याहून दिल्लीला जाणारे त्यांचे विमान सोमवारी सकाळी ८:३० ला सुटते. तिघांचे आरक्षण एकाच पीएनआरवर आहे आणि विमानाच्या पोटात ठेवायची एक बॅग आहे.

वेब चेक-इन शनिवारी सकाळी ८:३० ला उघडते. विनाशुल्क आसनांपैकी चांगली आसने लवकर संपतात, त्यामुळे ते शनिवारीच करणे फायद्याचे ठरते. आसनासाठी पैसे न भरल्यासही मुलाला आई किंवा वडिलांजवळ जागा मिळायला हवी. तशी मिळाली नसेल, तर कंपनीच्या काउंटरवर वरील निर्देशाच्या आधारे बदल मागता येतो. तिन्ही पास मोबाइलमध्ये उतरवून घेतले जातात आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या मोबाइलवरही ठेवली जाते.

सोमवारच्या वेळा उड्डाणापासून मागे मोजाव्या लागतात. विमानाचे प्रवेशद्वार सुटण्याच्या २० ते २५ मिनिटे आधी, म्हणजे ८:०५ च्या सुमारास बंद होते. सामान स्वीकारणारा काउंटर ६० मिनिटे आधी, म्हणजे ७:३० ला बंद होतो. दार, सामान आणि सुरक्षा तपासणी येथील रांगा धरता ६:३० पर्यंत विमानतळावर असणे सोयीचे. निरगुडसरहून मंचर, राजगुरुनगर, चाकण मार्गे लोहगाव साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि चाकण परिसरातील वाहतूक कोंडीचा नेम नसतो. म्हणून पहाटे ४ च्या सुमारास घर सोडावे लागते.

या कुटुंबाकडे बोर्डिंग पास आधीच असल्याने ७:४५ ला पोहोचले तरी चालेल, असा तर्क होऊ शकतो. तो चुकीचा आहे. वेब चेक-इनमुळे प्रवाशाची नोंद होते, बॅगेची होत नाही. ७:३० नंतर बॅग स्वीकारली जात नाही आणि तिच्यासह प्रवास करता येत नाही. केवळ हाताची पिशवी असलेल्या प्रवाशाला काउंटरवर जावे लागत नाही, पण त्यालाही ८:०५ ची वेळ पाळावी लागते. प्रवेशद्वार बंद झाल्यावर चेक-इन झालेला प्रवासीही गैरहजर धरला जातो. पासवर ठळक छापलेली वेळ कधी प्रवेश सुरू होण्याची, तर कधी उड्डाणाची असते. म्हणून `Gate Closes` या शब्दांसमोरची वेळ शोधावी लागते.

विमानतळाच्या दाराशी पास आणि आई-वडिलांची ओळखपत्रे दाखवली जातात. आई-वडिलांसोबत असलेल्या लहान मुलाला ओळखपत्राची सक्ती नसते. काउंटरवर बॅगेचे वजन होऊन तिच्या पट्टीची पावती मिळते. सुरक्षा तपासणीनंतर पासवरील प्रवेशद्वार क्रमांक विमानतळावरील फलकाशी पुन्हा ताडून पाहावा लागतो, कारण पास शनिवारी तयार झालेला असतो आणि क्रमांक सोमवारी बदललेला असू शकतो.

## मोबाइल चालत नसल्यास

पडद्याचा उजेड कमी असणे, काच तडकलेली असणे किंवा संदेशातून पाठवताना चित्र अस्पष्ट होणे या कारणांनी यंत्राला चित्र वाचता येत नाही. उजेड पूर्ण वाढवणे आणि मूळ पीडीएफ प्रत उघडणे हे उपाय बहुधा पुरेसे ठरतात. पास केवळ दुव्याच्या रूपात असेल, तर विमानतळावर इंटरनेट न मिळाल्यास तो उघडत नाही. म्हणून तो मोबाइलमध्ये साठवलेला असावा लागतो.

मोबाइलची बॅटरी संपली तरी प्रवास रद्द होत नाही. चेक-इनची नोंद कंपनीच्या प्रणालीत असते आणि काउंटर बंद होण्यापूर्वी ओळखपत्र दाखवून छापील पास घेता येतो. काही कंपन्या काउंटरवरील चेक-इनसाठी वेगळे शुल्क घेत असत. २१ जुलै २०२२ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट केले की, काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी अतिरिक्त रक्कम आकारणे विमान नियम, १९३७ मधील तरतुदींशी सुसंगत नाही. त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्या प्रवाशाला वेळेत काउंटरवर जाऊन पास घेण्याचा मार्ग खुला आहे.

## डिजियात्रा

डिजियात्रा ही चेहऱ्याच्या ओळखीवर चालणारी ऐच्छिक प्रवेश व्यवस्था आहे. ती १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे सुरू झाली. पुणे विमानतळावर ती २०२३ मध्ये आली. प्रवासी ॲपमध्ये आधारद्वारे ओळख नोंदवतो, स्वतःचे छायाचित्र काढतो आणि प्रत्येक प्रवासापूर्वी बोर्डिंग पास त्यात जोडतो. त्यानंतर दाराशी कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रवेश मिळतो.

डिजियात्रा चेक-इनची जागा घेत नाही. आधी वेब चेक-इन होऊन बोर्डिंग पास मिळाला तरच तो ॲपमध्ये जोडता येतो. आधारवरील नाव आणि पासवरील नाव जुळले नाही तर ॲप तो पास स्वीकारत नाही. नोंदणी न केलेल्या प्रवाशांसाठी जवानांमार्फत तपासणीची नेहमीची रांग चालूच असते, आणि यंत्राने चेहरा न ओळखल्यास त्याच रांगेत जावे लागते. म्हणून डिजियात्रा वापरणाऱ्यालाही ओळखपत्र जवळ बाळगावे लागते.

## मर्यादा

काही प्रवाशांना वेब चेक-इन करता येत नाही किंवा ते अर्धवट राहते. एकट्याने प्रवास करणारी मुले, चाकांच्या खुर्चीसारखे विशेष साहाय्य मागणारे प्रवासी आणि कागदपत्रांची पडताळणी आवश्यक असलेले आंतरराष्ट्रीय प्रवासी यांना अनेकदा काउंटरवर पाठवले जाते. चेक-इन झाल्यानंतर प्रवासाची तारीख बदलायची किंवा तिकीट रद्द करायचे असल्यास बहुतेक कंपन्यांच्या प्रणालीत आधी चेक-इन मागे घ्यावे लागते.

विमानातील जागांपेक्षा अधिक तिकिटे विकली गेल्यामुळे, पक्के आरक्षण असलेल्या आणि वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला कंपनीने प्रवेश नाकारला, तर महासंचालनालयाच्या नियमांनुसार भरपाई द्यावी लागते. पर्यायी विमान एका तासाच्या आत सुटणारे असल्यास भरपाई मिळत नाही. ते २४ तासांच्या आत असल्यास १०,००० रुपयांपर्यंत, आणि त्याहून उशिरा असल्यास २०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. उशिरा पोहोचल्यामुळे विमान चुकलेल्या प्रवाशाला ही तरतूद लागू होत नाही, मग त्याच्या मोबाइलमध्ये बोर्डिंग पास असला तरीही.